पित्त झालंय की स्वादुपिंड सुजलंय?

आपल्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार कामाचा आहे. छातीत जळजळ झाली की पित्त, डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. नागपूर असो, इंदूर असो की बेळगाव, मराठी घरात या शब्दाचा उपायही ठरलेला असतो. कोकम सरबत, आवळासुपारी, थंड दूध, नाहीतर सोडा. बहुतेक वेळा त्याने भागतंही. पण पोटाची एक दुखणी अशी आहे की तिला ‘पित्त’ म्हणून घरात थांबवून ठेवलं, तर जाणारा प्रत्येक तास महाग पडतो. गंमत म्हणजे त्या दुखण्याचा खऱ्याखुऱ्या पित्ताशी, म्हणजे पित्ताशयातल्या खड्यांशी, अगदी जवळचा संबंध असतो.

हे दुखणं म्हणजे स्वादुपिंडाची अचानक येणारी सूज. डॉक्टर तिला अक्युट पँक्रियाटायटिस म्हणतात. त्याची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि वर्षानुवर्षांचं भरपूर मद्यपान. आज मुख्यतः खड्यांमुळे येणाऱ्या सुजेबद्दल लिहिते, कारण त्यात घरच्यांना एक मोठा निर्णय घ्यावा लागतो आणि तो बहुतेक घरांत पुढे ढकलला जातो.

कळ ओळखायची कशी?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून, आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मोबाइलएवढी. त्याची जागा लक्षात ठेवली की कळ समजणं सोपं जातं. ते पोटाच्या पुढच्या भागात नाही, मागच्या भिंतीला आहे. म्हणून दुखणं सुरू होतं बरगड्यांच्या खाली, मधोमध, जिथे आपण ‘काळजात कळ आली’ म्हणून हात ठेवतो तिथे. तिथून जवळपास निम्म्या रुग्णांत ते सरळ मागे पाठीत जातं. सुतार लाकडात गिरमिट फिरवतो, तसं आरपार. (हुबळी-धारवाडच्या वाचकांनी हसू नये, मी खायच्या गिरमिटाबद्दल बोलत नाहीये.)

ही कळ वेगाने वाढते. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात ती टोकाला पोहोचते आणि मग उतरतच नाही. तासन् तास एकसारखी राहते. उताणं झोपलं की वाढते, कारण सुजलेलं स्वादुपिंड आणि कणा यांच्यात ताण पडतो. पुढे वाकून, उशी पोटाशी घेऊन बसलं की थोडी कमी वाटते. उलट्या होतात, पण उलटी झाल्यावर बरं वाटत नाही. ॲसिडिटीत किंवा अपचनात उलटी झाली की माणूस ‘हुश्श’ करतो. इथे पोट रिकामं झालं तरी कळ तशीच.

नुसत्या पित्ताशयाच्या खड्याचं दुखणंही जेवणानंतर येतं, तेव्हा फरक कसा कळणार? ते दुखणं बहुधा उजव्या बाजूला असतं, उजव्या खांद्याकडे जातं आणि काही तासांत आपोआप विरतं. सहा तास उलटूनही ते उतरत नसेल, तर खडा आता फक्त पित्ताशयापुरता राहिलेला नाही किंवा पित्ताशयाला सूज आली आहे, असं समजून हॉस्पिटल गाठायचं. आणि सहा तास मोजत बसायचं असाही याचा अर्थ नाही. कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर लगेच निघायचं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखून येऊ शकतो, त्यामुळे अशा वेळी ईसीजी काढणं भागच असतं. पन्नाशीच्या माणसाला ‘गॅस असेल’ म्हणून झोपवून ठेवण्याचं धाडस कुणी करू नये.

आत नेमकं काय होतं?

स्वादुपिंड दिवसाला एक ते दीड लिटर पाचक रस तयार करतं. या रसात मांस, चरबी, पिष्ट सगळं विरघळवण्याची ताकद असते. मग तो स्वादुपिंडालाच का विरघळवत नाही? कारण यातले सर्वांत जहाल पाचक घटक झोपलेल्या अवस्थेत तयार होतात. नळीतून लहान आतड्यात उतरले की तिथे ते जागे होतात. ही वेळेची शिस्त मोडली आणि रस आतच जागा झाला, की स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. सूज म्हणतो ती हीच.

खडा ही शिस्त कशी मोडतो, ते पाहा. यकृताकडून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडाची नळी अशा दोन नळ्या आतड्यात उघडण्याआधी एकमेकींना भेटतात आणि बहुतेकांत एकाच छोट्या दारातून आत शिरतात. दोन बिऱ्हाडांना मिळून एकच दार, असा जुन्या वाड्यातला प्रकार. पित्ताशयातून निसटलेला खडा त्या दाराशी अडकला की मागे दोन्ही घरांची कोंडी होते. 1901 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये यूजीन ओपी या तरुण पॅथॉलॉजिस्टने शवविच्छेदनात नेमका त्या दारात अडकलेला बारीक खडा पाहिला आणि खडे व स्वादुपिंडाची सूज यांचा धागा जोडला.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. पित्ताशयातला मोठा खडा, दोन सेंटिमीटरचा, बाहेरच निसटू शकत नाही. तो पित्ताशयात त्रास देईल, पण दारापर्यंत सहसा पोहोचणार नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे मात्र अरुंद नळीतून सहज घसरतात. त्यामुळे सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘बारीक बारीक खडे’ लिहिलेलं वाचून ‘चला, लहानच आहेत’ असं म्हणणं बरोबर नाही. स्वादुपिंडाच्या दृष्टीने लहान खडेच जास्त घातक.

इथेच मुतखडा आणि पित्ताचा खडा यांची आपल्याकडे गल्लत होते. मुतखडा लघवीवाटे पडून गेला की सुटलो, म्हणून भरपूर पाणी प्या, कुळथाचं कढण घ्या, हे ऐकत आपण मोठे झालो. तोच सल्ला पित्ताच्या खड्याला लावला जातो. पण पित्ताशयातलं पाणी लघवीत जात नाही, आणि तिथला खडा ‘पडून जायचा’ म्हणजे त्याच सामायिक दारातून जायचा. म्हणजे जे व्हायला नको, तेच घडवून आणायची इच्छा. लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन खडे पाडल्याचे व्हिडिओ फिरतात. शौचातून पडलेले हिरवट गोळे त्यात दाखवतात. ते बहुधा तेलाचा पोटात तयार झालेला साबण असतो. पित्ताशयातले खडे जागच्या जागी असतात.

एक उदाहरण, पहिल्या रात्रीपासून

आता हे सगळं एका माणसावर घडताना पाहू. उदाहरण बनवलेलं आहे, पण अशा रुग्णाचा प्रवास साधारण असाच होतो. इंदूरच्या मराठी घरातल्या एक काकू, वय 46, वजन 60 किलो. उत्तर आणि मध्य भारतात पित्ताचे खडे दक्षिणेपेक्षा जास्त आढळतात, म्हणून इंदूर. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले होते. त्रास नव्हता, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं नव्हतं. ते बरोबरच होतं. त्रास न देणाऱ्या खड्यांचं ऑपरेशन सरसकट करत नाहीत.

पुतणीच्या लग्नात रात्री जेवण झालं. अडीच वाजता कळ आली. काकूंनी सोडा घेतला, उलटी झाली, पुन्हा उलटी झाली. पहाटे त्या पलंगावर बसून, उशी पोटाशी धरून पुढे झुकलेल्या होत्या. सात वाजता गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन मिळालं, तासभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. इंजेक्शनने दुखणं दबतं, सूज दबत नाही. त्यामुळे ‘इंजेक्शनने बरं वाटलं’ याचा अर्थ ‘काही गंभीर नाही’ असा लावता येत नाही. अकरा वाजता त्यांना हॉस्पिटलात नेलं.

ईसीजी ठीक निघाला. रक्तात लायपेज तपासलं. त्या लॅबमध्ये वरची मर्यादा 60 होती, काकूंचं 1,450 आलं. स्वादुपिंडाची सूज ठरवायला तीन गोष्टी पाहतात. ठरावीक प्रकारची कळ, लायपेज किंवा अमायलेज मर्यादेच्या निदान तिप्पट, आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. यातल्या कुठल्याही दोन जुळल्या की निदान पक्कं. काकूंची कळ तशीच होती आणि लायपेज चोवीस पटीने वाढलं होतं. निदान झालं. पहिल्याच दिवशी सीटी स्कॅन लागला नाही. घरचे अस्वस्थ झाले, ‘स्कॅन का नाही करत?’ पण निदान स्पष्ट असताना पहिल्या दिवशीचा सीटी फारसं नवीन सांगत नाही. स्वादुपिंडाचा काही भाग मेला आहे का, हे तीन दिवसांनंतरच्या स्कॅनमध्ये नीट दिसतं.

आणखी एक गैरसमज इथेच मोडायला हवा. 1,450 हा आकडा ऐकून काकूंच्या दिराने नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘खूप सीरियस’ असा मेसेज टाकला. लायपेज किती वाढलं यावरून आजार किती गंभीर, हे कळत नाही. 400 वाला माणूस आयसीयूत जाऊ शकतो आणि 3,000 वाला पाचव्या दिवशी घरी. म्हणूनच ते रोज तपासण्यातही अर्थ नसतो.

खड्यांमुळेच सूज आली हे कशावरून? सोनोग्राफीत पित्ताशयात तीन-चार मिलिमीटरचे बरेच खडे दिसले. स्वादुपिंड आतड्यातल्या गॅसमुळे दिसलंच नाही, हे नेहमीचं आहे. पण इथली सोनोग्राफी स्वादुपिंडासाठी नव्हतीच, खडे शोधण्यासाठी होती. दुसरा पुरावा रक्तात मिळाला. यकृताची एसजीपीटी नावाची चाचणी 310 आली. पहिल्या दोन दिवसांत ती 150 च्या वर गेलेली असली, तर कारण बहुधा खडा असतं. बिलिरुबिन 2.4 होतं, म्हणजे पित्त तुंबलं होतं. दुसऱ्या दिवशी ते 1.3 वर आलं. याचा अर्थ खडा दारातून निघून आतड्यात गेला होता. बऱ्याच रुग्णांत असंच होतं. तो अडकून राहिला असता, ताप-थंडी आणि डोळ्यांची कावीळ वाढली असती, तर तोंडातून दुर्बीण घालून ते दार उघडावं लागलं असतं. त्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. पित्तनळीत जंतुसंसर्ग झाला असेल तर ती चोवीस तासांच्या आत करतात. सगळ्यांना तिची गरज नसते.

सलाईन किती, जेवण कधी?

या सुजेवर थेट औषध नाही, हे ऐकून नातेवाईक गोंधळतात. उपचार म्हणजे सलाईन, वेदना थांबवणं आणि लक्ष ठेवणं. यातलं सलाईन साधं वाटतं, पण सगळ्यात मोठा बदल गेल्या काही वर्षांत तिथेच झाला आहे. सुजेमुळे रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात जमा होतं, म्हणून पूर्वी पहिल्या दिवशी भरमसाट सलाईन देत. 2022 मध्ये भारत, इटली, मेक्सिको आणि स्पेन या चार देशांतल्या 18 केंद्रांमध्ये झालेल्या वॉटरफॉल नावाच्या अभ्यासात दोन्ही पद्धतींची तुलना झाली. भरमसाट सलाईन दिलेल्या गटात 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी जास्त झालं, मोजून दिलेल्या गटात 6.3 टक्के. फायदा मात्र दिसला नाही. म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला गेला.

मोजून म्हणजे किती? दर किलो वजनाला दर तासाला दीड मिलिलिटर. काकूंच्या 60 किलोला तासाला 90 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण दोन लिटर. त्यांना रात्रभर उलट्या झाल्या होत्या, जीभ कोरडी होती, म्हणून सुरुवातीला किलोला 10 प्रमाणे 600 मिलिलिटर जादा दिले. मग लघवी किती होते, नाडी किती, श्वास कसा, यावरून वेग कमी-जास्त केला. म्हणून नर्स ‘लघवी मापात करा’ म्हणते तेव्हा ती किरकिर नसते. लघवीचा तो आकडा सलाईनचा वेग ठरवतो.

दुसरा बदल जेवणाचा. ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून रुग्णाला चार-पाच दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती. आता सौम्य आजारात उलट्या थांबल्या आणि भूक लागली, की पहिल्या चोवीस तासांतच खायला देतात. उपाशी आतड्याचं अस्तर दुबळं होतं आणि तिथले जंतू बाहेर पडू शकतात. काकूंना दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ खिचडी दिली, वरून तूप न घालता. सासूबाईंनी तुपाची वाटी आणली होती, ती परत गेली. सौम्य सुजेत अँटिबायोटिकही सरसकट देत नाहीत. नाही दिलं तर हॉस्पिटल हयगय करतंय, असं समजू नये.

दहापैकी साधारण आठ जणांत आजार सौम्यच राहतो आणि आठवड्याच्या आत उतरतो. उरलेल्या दोघांत तो बिघडतो, आणि त्याची चिन्हं पहिल्या दोन दिवसांत दिसायला लागतात. श्वास भरभर चालणं, लघवी कमी होणं, रुग्ण बडबडायला लागणं किंवा सुस्तावणं, नाडी 120 च्या पुढे जाणं. यातलं काही दिसलं तर ‘डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सांगू’ असं न करता लगेच सांगायचं. फुप्फुस किंवा मूत्रपिंड 48 तासांहून जास्त काळ बंद पडलं, तर तो गंभीर आजार ठरतो आणि त्यात जिवाचा धोका खरा असतो. छोट्या हॉस्पिटलात असाल तर आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवायचा निर्णय या टप्प्यावर घ्यायचा, चार दिवसांनी नव्हे.

‘दिवाळीनंतर बघू’

चौथ्या दिवशी काकूंची कळ गेली. त्या पोळी-भाजी खाऊ लागल्या. सर्जन आले आणि म्हणाले, “याच मुक्कामात दुर्बिणीने पित्ताशय काढून टाकू.” काकांना हे पटेना. “आत्ता कुठे उठून बसलीये. घरी नेतो, जरा अंगात ताकद येऊ दे. दिवाळीनंतर बघू.” दिवाळी सहा आठवड्यांवर होती. काकांचं बोलणं प्रेमाचं होतं, आणि बहुतेक घरांत हेच बोललं जातं.

पण हिशेब बघा. सूज आली ती पित्ताशयातून निसटलेल्या एका खड्यामुळे. तो गेला, पण बाकीचे तिथेच आहेत, तितकेच बारीक. पुढचा कधी निघेल हे सांगता येत नाही, आणि पुढची सूज सौम्यच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 264 रुग्णांवर हाच प्रश्न तपासला आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापला. सौम्य सूज आलेल्या एका गटाचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं. दुसऱ्याला घरी पाठवून 25 ते 30 दिवसांनी बोलावलं. खड्यांमुळे पुन्हा दाखल व्हावं लागणं किंवा मृत्यू, असा त्रास उशिरा ऑपरेशन झालेल्यांत 17 टक्क्यांना झाला, लगेच झालेल्यांत 5 टक्क्यांना. लगेच ऑपरेशन केलं म्हणून ते अवघड गेलं किंवा जास्त गुंतागुंत झाली, असंही आढळलं नाही.

आणि हा उशीर तर एका महिन्याचाच होता, तारीख ठरवून दिलेला. आपल्याकडे ‘दिवाळीनंतर’ची होते संक्रांत, मग मुलांच्या परीक्षा, मग उन्हाळा. दुखत नाही तोवर कुणाला आठवण राहत नाही. म्हणून मला तरी वाटतं, डिस्चार्जच्या आधी हा विषय घरच्यांनी स्वतःहून काढावा. सर्जनची तारीख नसेल, त्या हॉस्पिटलात सोय नसेल, तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणी त्याच आठवड्यात होईल का, हे विचारावं.

याला एक अपवाद आहे. सूज गंभीर असेल, स्वादुपिंडाभोवती पाणी साचलं असेल किंवा काही भाग मेला असेल, तर घाई करत नाहीत. सगळं निवळेपर्यंत थांबतात, बहुधा सहा आठवडे किंवा जास्त. म्हणजे शेजारच्या बेडवरच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि आपल्याला लगेच सांगितलं, तर दोघांचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

काकूंचं ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं, सातव्या दिवशी त्या घरी आल्या. पित्ताशय काढल्यावर पित्त तयार व्हायचं थांबत नाही, कारण ते यकृतात बनतं. पित्ताशय ही फक्त साठवणीची टाकी. काहींना सुरुवातीचे काही आठवडे तेलकट खाल्लं की जुलाब होतात, मग शरीर जुळवून घेतं. तीच जुनी कळ पुन्हा आली, तर मात्र नळीत खडा राहिला असू शकतो. तेव्हा ‘आता पित्ताशयच नाही, खडा कुठला!’ असं म्हणून बसू नये.

आणि कारण दारू असेल तर?

मद्यपानाने येणारी सूज बहुधा पाच वर्षांहून अधिक काळ भरपूर पिणाऱ्यांना येते. भरपूर म्हणजे किती, हे पेगच्या हिशेबात सांगते. 60 मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. दिवसाला 50 ग्रॅमच्या पुढे, म्हणजे रोजचे तीन मोठे पेग, वर्षानुवर्षं. जोडीला सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. कळ पार्टीच्या रात्रीच येते असं नाही, एक-दोन दिवसांनी येऊ शकते, म्हणून संबंध लक्षात येत नाही.

या रुग्णाबाबत घरच्यांनी एक गोष्ट लाज बाजूला ठेवून करायला हवी. तो किती पितो, रोज पितो का, शेवटचं कधी प्यायला, हे डॉक्टरांना खरं सांगायचं. सासरच्यांसमोर नको असेल तर बाजूला बोलावून सांगायचं. रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलात एकदम तुटते. सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरायला लागतात, घाम येतो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत भ्रम किंवा झटके येऊ शकतात. माहीत असेल तर त्यावर आधीच औषध देता येतं. माहीत नसेल तर हे सगळं स्वादुपिंडाचं वाटतं आणि वेळ जातो. उलट ‘दारुडा आहे’ एवढ्यावरून कारण ठरवून मोकळंही होऊ नये. पिणाऱ्यालाही पित्ताचे खडे असू शकतात, त्यामुळे सोनोग्राफी त्याचीही व्हायलाच हवी.

खड्यांच्या रुग्णाचं मूळ ऑपरेशनने निघतं. इथे काढून टाकण्यासारखं काही नसतं, दारू थांबणं हाच उपचार. ‘आता सोडा बरं का’ हे डिस्चार्जच्या वेळचं एक वाक्य पुरतं का? फिनलंडमध्ये टाम्पेरेच्या डॉक्टरांनी हे तपासून 2009 मध्ये छापलं. एका गटाला हॉस्पिटलात असताना एकदाच समजावलं, दुसऱ्याला त्यानंतरही दर सहा महिन्यांनी बोलावून नर्सने बसून बोलणं केलं. दोन वर्षांत पुन्हा सूज आली ती एकदाच समजावलेल्यांत 21 टक्क्यांना, वारंवार बोलावलेल्यांत 8 टक्क्यांना. नर्सशी अर्ध्या तासाचं बोलणं, वर्षातून दोनदा. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डवर टाके काढायची तारीख असते, ही तारीख नसते. ती मागून घ्या.

वारंवार सूज येत राहिली तर स्वादुपिंड कायमचं निकामी होत जातं. शौच तेलकट, तरंगणारं आणि वासाचं होतं, वजन उतरतं, साखर वाढते. एकदा मोठी सूज येऊन गेलेल्या कुणाचीही, कारण खडा असो वा दारू, रक्तातली साखर तीन-चार महिन्यांनी आणि मग दरवर्षी एकदा तपासलेली बरी. आणि घरी आल्यावर चार-सहा आठवड्यांत पोट भरल्यासारखं वाटू लागलं, थोडं खाल्लं तरी उलटी व्हायला लागली किंवा ताप आला, तर स्वादुपिंडाशेजारी पाण्याची पिशवी तयार झाली असू शकते. सोनोग्राफीत ती दिसते. त्यासाठी पुढच्या फॉलोअपपर्यंत थांबायचं कारण नाही.